दोन कारखाने, तीन बाजारपेठा आणि एक गणित

कारखान्यात किती माल काढायचा आणि तो कोणत्या बाजारात पाठवायचा, हे दोन निर्णय बहुतेक कंपन्यांत दोन वेगळ्या टेबलांवर होतात. उत्पादन खात्याची नजर टनामागच्या खर्चावर असते, तर वितरण खात्याची ट्रकच्या भाड्यावर. दोघेही आपापल्या जागी काटकसर करतात आणि तरीही महिन्याचा एकूण खर्च असायला हवा त्यापेक्षा जास्त निघतो. लिनिअर प्रोग्रॅमिंग या पद्धतीत हे दोन्ही निर्णय एकाच गणितात मांडले जातात आणि सगळ्यांत कमी खर्चाचा आराखडा शोधला जातो. ‘लिनिअर’ म्हणजे सरळ प्रमाणातले. एका टनाला ९०० रुपये भाडे असेल, तर दहा टनांना ९,००० आणि शंभर टनांना ९०,००० होणार. खर्च आणि मर्यादा अशा सरळ प्रमाणात चालत असतील, तिथे ही पद्धत लागू पडते.

या विचाराची मुळे विसाव्या शतकाच्या मध्याजवळची आहेत. लिओनिद कान्तोरोविच यांनी १९३९ मध्ये सोव्हिएत संघात कारखान्यांच्या नियोजनासाठी अशी गणिते मांडली. फ्रँक हिचकॉक या अमेरिकी गणितज्ञाने १९४१ मध्ये, अनेक ठिकाणी तयार होणारा माल अनेक गावांना कमीत कमी खर्चात कसा पोचवावा, हा प्रश्न सोडवून दाखवला. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स नावाची रीत शोधली आणि अशी सगळीच गणिते पायरीपायरीने सोडवण्याचा मार्ग मोकळा झाला. आज तीच रीत एक्सेलमध्ये सॉल्व्हर या नावाच्या सोयीत बसलेली आहे. तिचा उपयोग कसा होतो, हे एका उदाहरणावरून पाहता येते. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा, एका पशुखाद्य कंपनीचे दोन कारखाने आहेत, एक सांगलीला आणि दुसरा जळगावला. माल विकला जातो पुणे, नाशिक आणि सोलापूर या तीन डेपोंतून. येत्या महिन्याची मागणी पुण्याची ३५० टन, नाशिकची ३०० टन आणि सोलापूरची २५० टन, म्हणजे एकूण ९०० टन आहे. सांगलीच्या कारखान्यात नेहमीच्या पाळ्यांत महिन्याला ४५० टन माल निघतो आणि ओव्हरटाइम लावला तर आणखी ९० टन निघू शकतो. जळगावला नेहमीच्या पाळ्यांत ३८० टन आणि ओव्हरटाइममध्ये ८० टन निघतो. दोन्हीकडच्या नेहमीच्या पाळ्या मिळून ८३० टनच होतात, म्हणजे कुठे ना कुठे किमान ७० टनांचा ओव्हरटाइम लावावाच लागणार आहे.

सांगलीला एक टन खाद्य तयार करायला नेहमीच्या पाळीत २२,००० रुपये आणि ओव्हरटाइममध्ये २२,९०० रुपये खर्च येतो. जळगावला सरकी पेंड जवळ मिळते, म्हणून तिथला खर्च नेहमीच्या पाळीत २१,५०० रुपये आहे. ओव्हरटाइममध्ये तो २२,१०० होतो. टनामागचे वाहतूक भाडे असे आहे:

| कुठून | पुणे | नाशिक | सोलापूर |
|---|---|---|---|
| सांगली | ९०० | १,६०० | ७५० |
| जळगाव | १,५०० | ९५० | १,६५० |

भाड्याचा तक्ता पाहिला की सवयीचा आराखडा लगेच सुचतो. पुणे आणि सोलापूर सांगलीला स्वस्त पडतात आणि नाशिक जळगावला. तेव्हा सोलापूरचे २५० टन सांगलीहून पाठवावेत, पुण्यालाही सांगलीहून जेवढा देता येईल तेवढा माल द्यावा, आणि त्यासाठी सांगलीचा ओव्हरटाइम पूर्ण वापरावा. सांगलीचे ५४० टन संपले की पुण्याचे ६० टन उरतात, ते जळगावहून आणावेत. नाशिकचे ३०० टन जळगावचेच. या आराखड्यात भाडे ८,२३,५०० रुपये होते आणि उत्पादनखर्च १,९७,०१,००० रुपये. एकूण खर्च २,०५,२४,५०० रुपये. वितरण खात्याच्या नजरेने यात खोट काढायला जागा नाही. पण जळगावला नेहमीच्या पाळीतली २० टनांची क्षमता रिकामी पडून आहे आणि सांगलीला मात्र महागडा ओव्हरटाइम चालू आहे. भाड्याच्या तक्त्यात ही गोष्ट कधीच दिसत नाही.

गणित मांडताना पहिला प्रश्न असतो की नेमके काय काय ठरवायचे आहे. इथे दहा आकडे ठरवायचे आहेत. प्रत्येक कारखान्यात नेहमीच्या पाळीत किती आणि ओव्हरटाइममध्ये किती माल काढायचा, हे चार आकडे झाले. प्रत्येक कारखान्यातून प्रत्येक डेपोला किती टन पाठवायचे, हे सहा. दुसरा प्रश्न उद्दिष्टाचा. उत्पादनखर्च आणि भाडे यांची बेरीज कमीत कमी व्हावी, हे इथले उद्दिष्ट आहे. तिसरा प्रश्न मर्यादांचा. कोणत्याही पाळीचे उत्पादन तिच्या क्षमतेपेक्षा जास्त नको, प्रत्येक डेपोला मागणीइतका माल मिळायलाच हवा आणि प्रत्येक कारखान्यात जेवढा माल निघेल तेवढाच तिथून बाहेर पडावा. यातली शेवटची मर्यादा सांगायला इतकी साधी आहे की ती लिहायची राहून जाते. पण उत्पादन आणि वितरण यांना जोडणारा दुवा तोच आहे.

आता हे स्प्रेडशीटवर उतरवायचे. भाड्याचे सहा आकडे `B4:D5` मध्ये भरावेत, पहिली ओळ सांगलीची आणि दुसरी जळगावची. टनामागचा उत्पादनखर्च `B8:C9` मध्ये, डावीकडे नेहमीची पाळी आणि उजवीकडे ओव्हरटाइम. त्याच क्रमाने क्षमता `B12:C13` मध्ये. त्यानंतर उत्पादनाच्या चार आकड्यांसाठी `B16:C17` आणि पाठवणीच्या सहा आकड्यांसाठी `B20:D21` हे सेल रिकामे ठेवावेत. सॉल्व्हर फक्त हेच सेल बदलतो, म्हणून त्यांना वेगळा रंग दिलेला बरा. डेपोंची मागणी `B23:D23` मध्ये. उरलेले सगळे सूत्रांचे काम आहे:

```
D16: =SUM(B16:C16)
D17: =SUM(B17:C17)
E20: =SUM(B20:D20)
E21: =SUM(B21:D21)
B22: =SUM(B20:B21)
B25: =SUMPRODUCT(B8:C9,B16:C17)+SUMPRODUCT(B4:D5,B20:D21)
```

`B22` मधले सूत्र `C22` आणि `D22` मध्येही ओढून घ्यावे. `D16` आणि `D17` मध्ये प्रत्येक कारखान्याचे एकूण उत्पादन येते, `E20` आणि `E21` मध्ये तिथून निघालेला माल, तर बाविसाव्या ओळीत प्रत्येक डेपोला मिळालेला माल. `B25` हा एकूण खर्च. सॉल्व्हर चालवण्याआधी रंगीत सेलमध्ये सवयीच्या आराखड्याचे आकडे हाताने भरून पाहावेत. `B25` मध्ये २,०५,२४,५०० आले, तर सूत्रे बरोबर बसली आहेत. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि पुढचा बराच मनस्ताप ती वाचवते.

एक्सेलच्या `Data` टॅबवर `Solver` दिसत नसेल, तर `File`, `Options`, `Add-ins` या वाटेने जावे, खाली `Excel Add-ins` निवडून `Go` दाबावे आणि `Solver Add-in` समोर खूण करावी. सॉल्व्हरची खिडकी उघडली की `Set Objective` मध्ये `B25` द्यावा आणि `To` समोर `Min` निवडावे. `By Changing Variable Cells` मध्ये `B16:C17,B20:D21` लिहावे. मग `Add` दाबून मर्यादा एकेक करून घालाव्यात:

```
B16:C17 <= B12:C13
D16:D17 = E20:E21
B22:D22 >= B23:D23
```

दोन्ही बाजूंचे पट्टे सारख्या आकाराचे असल्यामुळे तीन ओळींत नऊ मर्यादा बसतात. त्याखाली `Make Unconstrained Variables Non-Negative` ही खूण असू द्यावी. ती काढली, तर गणिताच्या लेखी उणे टन माल पाठवणेही चालून जाते आणि उत्तराला काही अर्थ राहत नाही. सगळ्यांत महत्त्वाची निवड `Select a Solving Method` या ठिकाणी आहे. एक्सेल तिथे आपणहून `GRG Nonlinear` ठेवतो. ती रीत वाकड्या प्रमाणांच्या गणितांसाठी आहे. इथे `Simplex LP` निवडावे. सरळ प्रमाणाच्या गणितात सिम्प्लेक्सने दिलेल्या उत्तरापेक्षा कमी खर्चाचा आराखडा असूच शकत नाही, ही खात्री त्याच रीतीने मिळते. शिवाय पुढे लागणारा संवेदनशीलतेचा अहवालही तिच्यामुळे नीट, वाचण्याजोगा येतो.

`Solve` दाबल्यावर क्षणात उत्तर येते. सांगलीला नेहमीच्या पाळीत ४५० टन काढावेत, ओव्हरटाइम शून्य. जळगावला नेहमीच्या पाळीत ३८० आणि ओव्हरटाइममध्ये ७० टन. सांगलीहून पुण्याला २०० आणि सोलापूरला २५० टन जावेत, जळगावहून नाशिकला ३०० आणि पुण्याला १५० टन. एकूण खर्च २,०४,९४,५०० रुपये.

सवयीच्या आराखड्यापेक्षा हा आराखडा महिन्याला ३०,००० रुपयांनी स्वस्त आहे. ही बचत कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. भाडे कमी झालेले नाही, उलट ते ८,२३,५०० वरून ८,७७,५०० वर, म्हणजे ५४,००० रुपयांनी वाढले. मात्र उत्पादनखर्च ८४,००० रुपयांनी उतरला. पुण्याला सांगलीहून ओव्हरटाइमचा माल पाठवला, तर टनाला २२,९०० आणि ९०० मिळून २३,८०० रुपये पडतात. तोच माल जळगावच्या रिकाम्या नेहमीच्या पाळीतून आला तर २३,००० मध्ये पोचतो, आणि जळगावच्या ओव्हरटाइममधून आला तरी २३,६०० मध्ये. नुसते भाडे पाहणाऱ्या वितरण व्यवस्थापकाला जळगावहून पुण्याला जाणारे १५० टन ही उधळपट्टी वाटेल. दोन खात्यांनी आपापला खर्च स्वतंत्रपणे कमी करायचे ठरवले, तर या उत्तरापर्यंत कुणीच पोचणार नाही.

उत्तर आल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात `Reports` खाली `Sensitivity` निवडले की एक नवे पान तयार होते. बरेच जण ते न उघडता फाइल बंद करतात, पण व्यवस्थापकाच्या कामाचे सगळ्यांत जास्त याच पानावर असते. त्यातल्या `Shadow Price` या रकान्यात पुण्याच्या मागणीसमोर २३,६०० दिसते. पुण्याने आणखी एक टन मागितला, तर एकूण खर्च तेवढ्याने वाढेल, असा त्याचा अर्थ. नाशिकसाठी हा आकडा २३,०५० आहे आणि सोलापूरसाठी २३,४५०. सोलापूरचा आकडा पहिल्या नजरेत चुकीचा वाटतो, कारण सांगलीहून सोलापूरला माल २२,७५० मध्ये पोचतो. पण सांगलीची नेहमीची पाळी भरलेली आहे. सोलापूरला एक टन जास्त द्यायचा, तर तो पुण्याच्या वाट्यातून काढावा लागतो आणि पुण्याची भरपाई जळगावच्या ओव्हरटाइममधून करावी लागते. ही सगळी साखळी त्या एका आकड्यात हिशेबात घेतलेली असते. सोलापूरच्या व्यापाऱ्याला जादा मालाचा भाव सांगताना २२,७५० धरला, तर प्रत्येक टनामागे ७०० रुपये खिशातून जातात.

शेजारच्या `Allowable Increase` रकान्यात पुण्यासमोर १० आहे. म्हणजे २३,६०० हा दर पुढच्या दहाच टनांपुरता खरा आहे. त्यानंतर जळगावचा ओव्हरटाइम संपतो, सांगलीचा महागडा ओव्हरटाइम सुरू होतो आणि पुण्याचा प्रत्येक टन २३,८०० ला पडू लागतो. मागणी पन्नास टनांनी वाढणार असेल, तर जुन्या दराने गुणाकार करून चालणार नाही. गणित पुन्हा सोडवावे लागेल.

क्षमतेच्या मर्यादा मात्र अहवालाच्या त्या भागात सापडत नाहीत आणि नवख्यांचा तिथे गोंधळ होतो. एखादी मर्यादा थेट बदलत्या सेलवरच लावलेली असेल, तर एक्सेल तिची किंमत वरच्या भागात, त्या सेलसमोर `Reduced Cost` म्हणून दाखवतो. सांगलीच्या नेहमीच्या पाळीसमोर −७०० आणि जळगावच्या नेहमीच्या पाळीसमोर −६०० दिसते. सांगलीला नेहमीच्या पाळीत एक टन जास्त काढता आला, तर महिन्याचा खर्च ७०० रुपयांनी उतरेल. तिथे नवे यंत्र घ्यायचे की नाही, याचा विचार करताना हाच आकडा धरावा लागतो. सांगलीच्या ओव्हरटाइमसमोर २०० आहे. तो ओव्हरटाइम टनाला २०० रुपयांपेक्षा जास्त स्वस्त झाला, तरच वापरणे परवडेल. जळगाव–सोलापूर या वाटेसमोर ३०० आहे. तिथले भाडे १,६५० वरून १,३५० च्या खाली आले, तर त्या वाटेने माल पाठवण्याचा विचार करता येईल. परतीचा रिकामा ट्रक स्वस्तात मिळत असेल, तर भाव ठरवताना हा आकडा हाताशी असलेला चांगला.

गणित चुकले तर कळते कसे? उत्पादन आणि पाठवणी जोडणारी मर्यादा घालायची राहिली, तर सॉल्व्हर तक्रार करत नाही. तो उत्पादन शून्य ठेवतो, प्रत्येक डेपोला जवळच्या कारखान्यातून माल ‘पाठवतो’ आणि खर्च ७,८७,५०० रुपये दाखवतो. नऊशे टन खाद्य आठ लाखांच्या आत मिळते, असे उत्तर आले की एखादा दुवा सुटला आहे हे ओळखावे. मागणी एकूण क्षमतेपेक्षा, म्हणजे इथे हजार टनांपेक्षा, जास्त भरली असेल तर `Solver could not find a feasible solution.` हा संदेश येतो. सगळी मागणी पुरी करणे शक्य नाही, एवढेच तो सांगतो. कुणाचा माल किती कापायचा, हे सांगत नाही. ते हवे असेल, तर प्रत्येक डेपोसाठी ‘कमी पडलेला माल’ असा एक बदलता सेल घालावा, मिळालेला माल आणि कमी पडलेला माल यांची बेरीज मागणीइतकी होऊ द्यावी, आणि त्या कमतरतेचा टनामागे बुडालेला नफा खर्चात धरावा. मग तूट कोणत्या डेपोवर टाकायची तेही गणितच ठरवते.

तिसरी अडचण सरळ प्रमाण मोडल्याने येते. शंभर टनांच्या पुढे भाड्यात सूट मिळते म्हणून कुणी खर्चाच्या सूत्रात `IF` घातला, की `Simplex LP` बहुधा `The linearity conditions required by this LP Solver are not satisfied.` असे सांगून थांबतो. त्यावर उपाय म्हणून रीत बदलून `GRG Nonlinear` निवडणे, ही चुकीची पळवाट आहे. ती रीत कुठेतरी जवळपास थांबते आणि त्याहून चांगला आराखडा उरला आहे का, याची हमी देत नाही. सूट गणितात आणायची, तर शून्य किंवा एक एवढेच मूल्य घेणारे वेगळे सेल लागतात.

भरलेल्या ट्रकांचा प्रश्नही असाच येतो. ट्रकमध्ये १६ टन माल जात असेल, तर सांगली–पुण्याचे २०० टन म्हणजे साडेबारा ट्रक. अर्धा ट्रक पाठवता येत नाही. तेव्हा टनांऐवजी ट्रकांची संख्या बदलत्या सेलमध्ये घ्यावी आणि तिच्यावर `int` ही मर्यादा लावावी. असे केल्यावर संवेदनशीलतेचा अहवाल मिळत नाही. दुसरी गोष्ट त्याहून जास्त घातक आहे. सॉल्व्हरच्या `Options` मध्ये `Integer Optimality (%)` हा आकडा मुळात १ ठेवलेला असतो. सर्वोत्तम उत्तराच्या एक टक्क्याच्या आत पोचलो की थांबायचे, असा त्याचा अर्थ. इथला एकूण खर्च दोन कोटींच्या वर आहे, त्याचा एक टक्का दोन लाखांहून जास्त होतो. सगळी बचतच तीस हजारांची असताना दोन लाखांची ढील दिली, तर सवयीचा आराखडाही ‘सर्वोत्तम’ म्हणून परत येऊ शकतो. पूर्ण संख्यांची गणिते सोडवताना हा आकडा शून्य करावा.

एक्सेलसोबत मिळणारा सॉल्व्हर २०० बदलत्या सेलपर्यंतच चालतो. दोन कारखाने आणि तीन डेपोंसाठी दहाच सेल लागले, पण ही संख्या झपाट्याने वाढते. चार कारखाने, बारा डेपो आणि चार प्रकारचे खाद्य घेतले, तर पाठवणीचे १९२ आणि उत्पादनाचे ३२ मिळून २२४ सेल होतात. तिथे ऑकलंड विद्यापीठात तयार झालेला ओपनसॉल्व्हर घ्यावा. तो एक्सेलमध्येच चालतो, फुकट मिळतो, आणि सॉल्व्हरमध्ये मांडलेले गणित जसेच्या तसे उचलतो.